बोनस आणि स्प्लिटनंतरच्या खोट्या लेव्हल्स: जुन्या भावांच्या बाबतीत या चुका टाळा

"दादा, 620 ला तीन वेळा सपोर्ट घेतलाय, आता 630 ला आलाय, घेऊ का?" असा मेसेज आणि सोबत चार्टचा फोटो आला की मी आधी सपोर्टकडे बघतच नाही. मधे कुठे एका दिवसात भाव अर्धा, एक तृतीयांश किंवा एक पंचमांश झालाय का, ते शोधतो. दहातल्या दोन-तीन फोटोंत तसा कडा सापडतोच. कड्याच्या डावीकडचे भाव एका मापातले असतात, उजवीकडचे दुसऱ्या, आणि त्या दोन्हींवरून एकच आडवी रेघ ओढलेली असते. अशा रेघेला काही अर्थ नसतो.

हीच चूक मी स्वतः केली आहे आणि तिची किंमतही मोजली आहे. म्हणून आधी ती सविस्तर सांगतो.

कच्च्या भावांवर लेव्हल काढणे

सुरुवातीची काही वर्षं मी चार्टिंगचं कुठलंही सॉफ्टवेअर न घेता एक्स्चेंजची रोजची भावकॉपी उतरवून घ्यायचो आणि एक्सेलमध्ये स्वतःचा डेटा बनवायचो. भावकॉपीत त्या दिवशी प्रत्यक्ष ज्या भावाला सौदे झाले तोच भाव असतो. पुढे दोन वर्षांनी कंपनीने बोनस दिला, म्हणून एक्स्चेंज जुन्या फायली बदलत नाही आणि बदलूही नयेत, कारण तो झालेल्या व्यवहारांचा दाखला आहे. त्या दाखल्याला चार्ट समजणं ही माझी चूक होती.

माझ्याकडे एका मध्यम आकाराच्या कंपनीचा चार वर्षांचा असा डेटा होता. पहिल्या वर्षी शेअर 610 ते 625 च्या पट्ट्यात आठ महिन्यांत तीनदा येऊन वर फिरला होता. मग तो चढत गेला आणि 950 ते 965 च्या आसपास जवळजवळ पाच महिने अडकला. तिथून सुटल्यावर मात्र कुठेही न थांबता 1,480 पर्यंत गेला. मग कंपनीने 1:1 बोनस जाहीर केला. एक्स-डेटच्या, म्हणजे भाव नव्या मापात येतो त्या दिवसाच्या, आदल्या दिवशी शेअर 1,472 ला बंद झाला होता, दुसऱ्या दिवशी 738 ला उघडला. पुढच्या दोन महिन्यांत बाजार नरम होता आणि हा शेअर घसरत घसरत 632 वर आला.

बोनस झालाय हे मला माहीत होतं. अनेक जण म्हणतात, "मला कळलं असतं तर मी चुकलो नसतो." मला कळलेलं होतं आणि तरी चुकलो, कारण डोळ्यांना समोरचं चित्र दिसतं, डोक्यातली माहिती दिसत नाही. माझ्या चार्टवर 610 ते 625 च्या तीन तळांची रेघ होती आणि भाव बरोबर तिच्यावर येऊन टेकत होता. 634 ला मी 200 शेअर घेतले आणि 598 चा स्टॉपलॉस ठरवला. भाव 601 झाला तेव्हा मनात आलं, इतका जुना, तीनदा टिकलेला सपोर्ट सहज तुटत नाही. स्टॉपलॉस काढून टाकला आणि आणखी 200 घेतले. सरासरी 617.50 झाली. शेवटी 512 ला सगळे विकले, तेव्हा 42,200 रुपये गेले होते. शेअर 478 पर्यंत खाली गेला आणि तिथून फिरला.

478 हाच आकडा का, हा प्रश्न मला त्या रात्री छळत होता. माझ्या सगळ्या चार्टवर 478 ला काहीच नव्हतं. शेवटी बोनसच्या आधीच्या सगळ्या भावांना दोनने भागणारा एक नवा रकाना केला आणि त्यावरून चार्ट पुन्हा काढला. चित्र पूर्ण पालटलं. ज्या तीन तळांवर मी विसंबलो होतो ते आता 305 ते 312 ला दिसत होते, म्हणजे माझ्या खरेदीच्या निम्म्याला. माझा 634 चा भाव जुन्या मापात 1,268 होता. त्या पट्ट्यातून शेअर वर जाताना अवघ्या दोन-तीन दिवसांत निघून गेला होता, तिथे कोणी थांबलं नव्हतं, कोणी अडकलं नव्हतं. मी अधांतरी उभा राहून त्याला सपोर्ट म्हणत होतो. आणि शेअर जिथे पाच महिने अडकून मग सुटला होता, तो 950 ते 965 चा पट्टा आता 475 ते 482 झाला होता. खरी लेव्हल ती होती आणि ती माझ्या चार्टवर नव्हतीच.

म्हणजे कच्च्या चार्टने दोन बाजूंनी फसवलं. नसलेला सपोर्ट दाखवला आणि असलेला लपवला. लोक पहिल्या फसवणुकीबद्दल बोलतात. माझ्या मते दुसरी जास्त महाग पडते, कारण ती कधी लक्षातच येत नाही.

यामागचं कारण एकदा नीट समजून घेतलं की पाठांतराची गरज उरत नाही. लेव्हल म्हणजे चार्टवरचा आकडा नसून लोकांच्या खरेदीचा भाव. ज्यांनी 960 ला 100 शेअर घेतले त्यांचे 96,000 रुपये गुंतले. बोनसनंतर त्यांच्याकडे 200 शेअर आहेत आणि गुंतलेले पैसे तेवढेच. त्यांचे पैसे 480 ला सुटे होतात. म्हणून त्यांची आठवण, त्यांची भीती आणि त्यांची पुन्हा खरेदी करण्याची इच्छा हे सगळं 480 जवळ असतं. बोनसनंतर जगात कोणाचाही हिशेब 960 वर उरत नाही, आणि तीन तळांवर घेतलेल्यांचा 620 वरही नाही.

तुमचा चार्ट कच्चा आहे का, हे कसं ओळखायचं

माझी एक सोपी पद्धत आहे. रिलायन्सने ऑक्टोबर 2024 मध्ये 1:1 बोनस दिला, एक्स-डेट 28 ऑक्टोबर होती. त्याआधीच्या शुक्रवारी, 25 ऑक्टोबरला, शेअर प्रत्यक्षात 2,655 च्या आसपास बंद झाला होता. तुम्ही वापरता त्या चार्टवर ती तारीख काढा. तिथे 2,655 दिसले तर डेटा कच्चा आहे. 1,328 च्या आसपास दिसले तर बोनसचं ॲडजस्टमेंट झालेलं आहे. त्याहूनही थोडे कमी दिसले, तर नंतरचा लाभांशसुद्धा वजा केलेला आहे. एका तारखेवरून तिन्ही गोष्टी कळतात. नवीन ॲप घेतलं, कोणी एक्सेल फाइल पाठवली किंवा कोणाच्या कोडमधून डेटा आला, की मी आधी हे बघतो.

एखाद्या अनोळखी शेअरवर कडा दिसला आणि तो खरी घसरण आहे की हिशेबाची, असा प्रश्न पडला, तर सर्किटचा नियम कामाला येतो. ज्या शेअरमध्ये फ्युचर्स-ऑप्शन्स नाहीत त्याला एका दिवसात जास्तीत जास्त 20 टक्क्यांचं बंधन असतं. असा शेअर एका रात्रीत 50 किंवा 80 टक्के "पडलेला" दिसत असेल, तर तो सौद्यांनी पडलेला असूच शकत नाही. एक्स्चेंजने स्वतःच त्या दिवसाचा आधारभाव बदललेला आहे. फ्युचर्स-ऑप्शन्स असलेल्या शेअर्सना असं ठरावीक बंधन नसतं, तिथे एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर कॉर्पोरेट ॲक्शनच्या यादीत जाऊन बघावंच लागतं. तेवढं बघायला दोन मिनिटं लागतात. "ॲपवर सगळं आपोआप होतं" म्हणून ती दोन मिनिटं वाचवणाऱ्यांचेच मेसेज मला नंतर येतात.

गुणोत्तर उलटं वाचणे

बोनस आणि स्प्लिटची गुणोत्तरं सारखी दिसतात, पण हिशेब वेगळा असतो. आपल्याकडे बोनस 1:1 म्हणजे एका जुन्या शेअरमागे एक नवा, एकूण दोन, भाव अर्धा. बोनस 2:1 म्हणजे एकामागे दोन नवे, एकूण तीन, भाव एक तृतीयांश. बोनस 1:2 म्हणजे दोनामागे एक नवा, एकूण तीन, म्हणून भाव दोन तृतीयांश. या शेवटच्यात निम्मे जण गडबडतात आणि भाव अर्धा करून बसतात. स्प्लिटमध्ये मात्र दर्शनी मूल्य बघायचं. 10 चं 2 झालं तर एकाचे पाच शेअर, भाव एक पंचमांश.

सगळ्यात चांगलं उदाहरण बजाज फायनान्सचं. 16 जून 2025 ला तिथे बोनस आणि स्प्लिट एकाच दिवशी लागू झाले. बोनस 4:1, म्हणजे एकाचे पाच. स्प्लिटमध्ये दर्शनी मूल्य 2 वरून 1, म्हणजे प्रत्येकाचे पुन्हा दोन. पाच गुणिले दोन, एकाचे दहा शेअर. 9,300 च्या आसपासचा शेअर 930 च्या आसपास आला. त्या काळात "4:1 आहे म्हणजे भाव चौथा हिस्सा होणार" असं ठामपणे सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी जुन्या लेव्हल्सना चारने भागलं असेल, तर त्यांची प्रत्येक रेघ जिथे असायला हवी त्याच्या अडीच पट वर आहे.

मी स्वतः एक छोटी वही ठेवतो. शेअरचं नाव, एक्स-डेट, गुणोत्तर, आणि चौथ्या रकान्यात गुणक. गुणक काढताना एकच वाक्य मनात म्हणतो: "आधी किती होते, भागिले आता किती झाले." 1:2 बोनसला आधी दोन, आता तीन, गुणक 0.6667. बजाज फायनान्सला आधी एक, आता दहा, गुणक 0.1. एक्सेलमध्ये A रकान्यात तारीख, E मध्ये बंद भाव, H1 मध्ये एक्स-डेट आणि H2 मध्ये गुणक ठेवला की काम एका ओळीचं आहे:

```
=E2*IF(A2<$H$1,$H$2,1)
```

यात चिन्ह `<` आहे, `<=` नाही. एक्स-डेटच्या दिवशीचा भाव आधीच नव्या मापातला असतो, त्याला पुन्हा गुणलं तर त्या एका दिवशी चार्टवर खोटी सुई उगवते. मी दोनदा हे केलं आहे आणि दोन्ही वेळा ती सुई मला "पॅनिक सेलिंगचा तळ" वाटली होती.

एकापेक्षा जास्त घटना असतील तर गुणक एकमेकांना गुणायचे, बेरीज नाही. एचडीएफसी बँकेचं सप्टेंबर 2019 मध्ये दर्शनी मूल्य 2 वरून 1 झालं आणि ऑगस्ट 2025 मध्ये 1:1 बोनस आला. 2019 च्या सुरुवातीला 2,100 च्या आसपास असलेला भाव आजच्या मापात 525. अलीकडचा बोनस सगळ्यांच्या लक्षात असतो, सहा वर्षांपूर्वीचा स्प्लिट नसतो, म्हणून 2019 ची लेव्हल 1,050 ला मांडलेले चार्ट फिरत असतात. दहा वर्षांचा चार्ट बघणार असाल, तर यादीही दहा वर्षांची बघा.

मूव्हिंग ॲव्हरेजवर विश्वास ठेवणे

रेघा काढत नाही, फक्त 200 दिवसांची सरासरी बघतो, असं म्हणणारे स्वतःला सुरक्षित समजतात. ते नाहीत. कच्च्या डेटात बोनस लागला की त्या दिवशी सरासरी असते 1,400 च्या आसपास आणि भाव 738. मग पुढचे दोनशे सत्रं रोज एक जुना, मोठा आकडा सरासरीतून बाहेर पडतो आणि एक नवा, छोटा आकडा आत येतो. भाव जागच्या जागी उभा असला तरी सरासरी रोज खाली येत राहते. शेवटी एका दिवशी ती भावाच्या खाली जाते आणि स्क्रीनवर "200 दिवसांच्या सरासरीच्या वर ब्रेकआउट" असा इशारा येतो. बाजारात काहीही घडलेलं नसतं. फक्त शेवटचे जुने आकडे गळून पडलेले असतात. बोनसनंतर आठ-दहा महिन्यांनी अचानक "तेजीत आलेले" शेअर स्क्रीनरमध्ये दिसले, की मी त्यांची एक्स-डेट बघतो.

52 आठवड्यांच्या नीचांकाच्या यादीचंही तेच. कच्च्या डेटावरची यादी असेल तर बोनस दिलेला जवळजवळ प्रत्येक शेअर त्यात येतो.

लाभांशही वजा करायचा का?

इथे माझं मत अनेकांना पटत नाही, पण मी ते ठामपणे मांडतो. लेव्हल बघण्यासाठी बोनस आणि स्प्लिट नेहमी ॲडजस्ट करा. नेहमीचा लाभांश करू नका.

लाभांशाचं ॲडजस्टमेंट कसं होतं ते आधी बघू. शेअर 400 ला बंद झाला, दुसऱ्या दिवशी 20 रुपये लाभांशाची एक्स-डेट आहे. गुणक निघतो 380 भागिले 400, म्हणजे 0.95. त्याआधीचे सगळे भाव 0.95 ने गुणले जातात. म्हणजे ज्या 420 च्या शिखरावर लोकांनी खरोखर खरेदी केली, ते आता चार्टवर 399 दिसतं. पुढच्या लाभांशाला ते आणखी खाली सरकतं. जितकं जुनं शिखर, तितकं ते जास्त झुकलेलं.

परतावा मोजायचा असेल तर हे बरोबरच आहे, कारण लाभांश खिशात आलेला पैसा आहे आणि तो न धरता तुलना केली तर जास्त लाभांश देणाऱ्या कंपनीवर अन्याय होतो. पण लेव्हलचा प्रश्न वेगळा आहे. बोनसमध्ये ज्याने 960 ला घेतला त्याचा खरेदीभाव खरोखर 480 झाला, त्याच्या ॲपमध्येही सरासरी 480 दिसते. लाभांशात तसं होत नाही. 420 ला घेतलेल्या माणसाच्या ॲपमध्ये 420 च राहतं. वीस रुपये बँकेत जमा झाले, ते खर्चही झाले. भाव परत 420 ला आला की तो म्हणतो, "सुटलो एकदाचा," आणि विकतो. 399 ला तो काहीही करत नाही. मग 399 ची रेघ कोणासाठी काढायची?

त्याचं टोकाचं रूप वेदांतामध्ये दिसलं. 2022-23 या आर्थिक वर्षात कंपनीने पाच वेळा मिळून प्रत्येक शेअरमागे 101.50 रुपये लाभांश दिला: 31.50, 19.50, 17.50, 12.50 आणि 20.50. शेअरचा भाव बहुतेक काळ अडीचशे ते साडेतीनशेच्या दरम्यान होता. म्हणजे लाभांश धरलेल्या आणि न धरलेल्या दोन चार्टमध्ये त्या आधीच्या लेव्हल्सचा फरक पाच-दहा रुपयांचा उरत नाही, शेअरची जागाच बदलते. एक माणूस एका चार्टवरून म्हणतो रेझिस्टन्स पार झाला, दुसरा दुसऱ्या चार्टवरून म्हणतो अजून खूप लांब आहे. दोघंही आपापल्या स्क्रीनवर खरं वाचत असतात. वाद घालण्याआधी दोघांनी सेटिंग तपासलं असतं तर तासभर वाचला असता. ट्रेडिंगव्ह्यूवर हे चार्टच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या `ADJ` या बटणाने बदलतं. याहू फायनान्सच्या जुन्या भावांच्या तक्त्यात `Close` मध्ये स्प्लिट धरलेला असतो आणि `Adj Close` मध्ये स्प्लिट आणि लाभांश दोन्ही. शिखर एका रकान्यातून आणि आजचा भाव दुसऱ्यातून घेणारे मी पाहिले आहेत.

इतका मोठा लाभांश असेल तेव्हा मी माझा नियम थोडा वाकवतो. ऑप्शन्समध्ये बाजारभावाच्या 2 टक्के किंवा त्याहून जास्त लाभांश असेल तर एक्स्चेंज स्ट्राइक प्राइस बदलतं, त्यापेक्षा कमी असेल तर बदलत नाही. मीही तीच सीमा धरतो. 2 टक्क्यांच्या आतला लाभांश विसरून जातो. त्याहून मोठा असेल तर दोन्ही चार्ट शेजारी ठेवतो आणि एक्स-डेटच्या दिवशीच्या गॅपला "सपोर्ट तुटला" म्हणत नाही. समजा 392 ला सपोर्ट आहे, शेअर 400 ला आहे आणि 20 रुपयांचा लाभांश निघाला. दुसऱ्या दिवशी तो 380 ला उघडेल आणि 390 चा स्टॉपलॉस पहिल्याच मिनिटात लागेल. विक्रीचा दबाव कुठेच नव्हता, कंपनीने तुमचेच वीस रुपये तुमच्या हातात दिले. म्हणून मोठ्या लाभांशाच्या आदल्या संध्याकाळी मी स्टॉपलॉस लाभांशाच्या रकमेइतका खाली नेतो. किंवा लाभांश नकोच असेल तर आधीच बाहेर पडतो.

आधीच ओढलेल्या रेघा आणि लावलेले अलर्ट

चार्ट ॲडजस्ट झाला तरी तुम्ही हाताने ओढलेली रेघ बहुतेक ठिकाणी जिथल्या तिथे राहते. भाव सगळे अर्धे झाले, रेघ मात्र 960 लाच लोंबकळते. अलर्टचंही तसंच. माझ्या एका चुलतभावाने बोनसच्या आधी 1,300 च्या खाली आला तर कळव असा अलर्ट लावला होता. एक्स-डेटला सकाळी सव्वानऊला अलर्ट वाजला, ॲपमध्ये गुंतवणूक निम्मी दिसत होती आणि बोनसचे शेअर अजून खात्यात आले नव्हते. त्याने मला फोन करण्याआधीच सगळे विकून टाकले. "अर्धे पैसे गेले रे दादा," एवढंच तो म्हणाला. गेले नव्हते. बोनसचे शेअर दोन दिवसांत जमा झाले. पण त्याने विकलेले 100 शेअर दुपारपर्यंत चार टक्के वर होते आणि ते त्याला पुन्हा महागात घ्यावे लागले.

एक्स-डेटच्या आदल्या दिवशी त्या शेअरवरच्या सगळ्या रेघा मी पुसतो, अलर्ट काढतो आणि दुसऱ्या दिवशी गुणक लावून नव्याने टाकतो. ब्रोकरकडे दीर्घ मुदतीची ऑर्डर लावलेली असेल तर ती आपोआप रद्द होईल असं गृहीत धरत नाही, स्वतः रद्द करतो.

आणखी काही, थोडक्यात

भाव भागला तर व्हॉल्युम गुणा. तसं केलं नाही तर बोनसनंतरचा प्रत्येक दिवस "दुप्पट व्हॉल्युमचा" दिसतो. त्यापेक्षा रुपयांतली उलाढाल बघा, ती बोनसने बदलत नाही.

आधीच ॲडजस्ट केलेल्या डेटाला पुन्हा गुणक लावू नका. चार्टवर एक्स-डेटला भाव अचानक दुप्पट झालेला दिसला तर समजा की तेच झालं आहे.

ॲडजस्ट केलेल्या चार्टवर "1,000 चा मानसिक टप्पा" शोधू नका. बोनसआधी लोक ज्या 1,000 ला अडखळले तो आता 500 ला आहे. आणि आजच्या चार्टवरचा जुना 1,000 तेव्हा प्रत्यक्षात 2,000 होता.

साप्ताहिक आणि मासिक कॅन्डल रोजच्या ॲडजस्टेड भावांवरून बनवा. उलट केलं, तर ज्या आठवड्यात एक्स-डेट आहे त्याची कॅन्डल अर्धी जुन्या मापात आणि अर्धी नव्या मापात राहते. वरचं टोक 1,480, खालचं 725, आणि कोणीतरी त्या कॅन्डलवर फिबोनाची ओढतो.

डिमर्जर हे बोनस नाही. 20 जुलै 2023 ला रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हा एक्स्चेंजने खास प्री-ओपन सत्र घेऊन भाव शोधला. आदल्या दिवशीचा 2,841.85 चा शेअर 2,580 ला ठरला, फरक 261.85 रुपये. इथे गुणोत्तरावरून गुणक निघत नाही, बाजाराने शोधलेल्या या फरकावरूनच काढावा लागतो, आणि काही चार्ट तो लावतात, काही लावत नाहीत. रिलायन्सची 2023 आधीची कुठलीही लेव्हल कोणी सांगितली, की मी आधी विचारतो: त्यात 2024 चा बोनस धरलाय का, आणि हे 261.85 धरलेत का.